विषय: लिंक ॲपमध्ये उघडत नाहीत, आणि तुमच्या डॅशबोर्डवरची हिरवी टिक खोटं बोलते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या प्रतिनिधीशी चौथा फोन आत्ताच संपला. संपला म्हणजे त्यांनी "आणखी काही मदत करू शकतो का?" असं विचारलं आणि मी फोन ठेवला. "आणखी" हा शब्द मला झेपला नाही.

डीप लिंक म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसत नाही, तुम्ही तेच विकता. आमचं ॲप तपासणीच्या वेळा ठरवण्याचं आहे. रुग्णाला संदेश जातो, त्यात https://go.example.com/v/48213 अशी लिंक असते (डोमेन इथे बदलून लिहिलं आहे, खरं तिकिटात आहे). ती दाबली की थेट त्याच भेटीची स्क्रीन उघडायला हवी: "येतो" आणि "वेळ बदला" ही दोन बटणं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर ती वेळ प्रतीक्षेतल्या पुढच्या माणसाला मिळते. म्हणजे लिंक चुकीच्या जागी उघडली तर माणसाची वेळ जाते.

९ तारखेच्या रात्री तुम्ही सर्व्हर बदलले. त्याची सूचना आम्हाला आली नाही. तुमच्या माहितीपानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली, ती मी १३ तारखेला शोधून काढली.

१० तारखेपासून ज्यांनी ॲप नव्याने बसवलं, त्यांचा प्रवास असा होतो. संदेशातली लिंक दाबली की ब्राउझर उघडतो. तिथे तुमचं पान "ॲपमध्ये उघडा" म्हणतं. ते दाबलं की ॲप स्टोअर. स्टोअर म्हणतं, ॲप आधीच आहे, "उघडा". ते दाबलं की आमचं ॲप मुखपृष्ठावर उघडतं, आणि 48213 हा आकडा वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो. तीन वेळा दाबून माणूस पोहोचतो तिथेच, जिथे तो ॲपच्या चिन्हावर एकदा बोट ठेवून पोहोचला असता. यासाठी आम्ही तुम्हाला दरमहा पैसे देतो.

कारण मी शोधलं. तुमच्याकडून कोणी शोधेल याची वाट पाहिली असती तर हे पत्र पुढच्या वर्षी लिहावं लागलं असतं.

ॲन्ड्रॉइड फोन वेब-लिंक थेट ॲपला देतो ती त्या डोमेनने "हे ॲप माझंच" अशी साक्ष दिल्यावर. ती साक्ष डोमेनवरच्या assetlinks.json या फाईलमध्ये असते. त्यात ॲपचं पॅकेज-नाव आणि त्याच्या सही-प्रमाणपत्राचा SHA-256 ठसा. ॲप बसवताना फोन ही फाईल वाचतो. जुळली तर लिंक ॲपची. नाही जुळली, तर ॲन्ड्रॉइड १२ पासून फोन काही न विचारता लिंक ब्राउझरला देतो. पूर्वी निदान "कशात उघडू?" असं विचारायचा. आता दोष दिसतही नाही, फक्त ब्राउझर दिसतो.

आमचं go हे उपडोमेन करारानुसार तुमच्या सर्व्हरकडे वळवलेलं आहे. फाईल तुम्ही ठेवता. तिची आजची अवस्था:

```
$ curl -I https://go.example.com/.well-known/assetlinks.json
HTTP/2 301
location: https://www.example.com/.well-known/assetlinks.json
```

301, म्हणजे "इथे नाही, तिकडे जा" असं वळण. नवीन व्यवस्थेत तुम्ही सगळ्या पत्त्यांना सरसकट www कडे ढकलणारा नियम लावलात आणि त्यात ही फाईलही गेली. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर तो निमूटपणे वळणावरून जातो, फाईल व्यवस्थित दिसते, आणि तुमचे लोक म्हणतात "दिसतेय की!" पडताळणी करणारा फोन मात्र वळण घेत नाही. फाईल त्याच पत्त्यावर, https वर, वळणाशिवाय मिळाली पाहिजे, हा नियम कागदोपत्री स्पष्ट आहे. फोन काय म्हणतो तेही पाहा:

```
$ adb shell pm get-app-links com.example.app
    Domain verification state:
      go.example.com: 1024
```

इथे verified हवं होतं. 1024 किंवा त्यावरचा आकडा म्हणजे पडताळणी फसली.

हे सगळं मी दुसऱ्या फोनच्या वेळी लेखी पाठवलं होतं. उत्तर आलं: "आमच्या डॅशबोर्डवर आपलं डोमेन पडताळलेलं दिसत आहे." हो, दिसतं. हिरवी टिक आहे. ती टिक आम्ही मार्चमध्ये डोमेन जोडलं तेव्हाची आहे. त्यानंतर तुमच्या यंत्रणेने फाईल पुन्हा तपासलेलीच नाही, हे तुमच्याच प्रतिनिधीने तिसऱ्या फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं. अशा टिकला माझ्या घरी फोटो म्हणतात.

आता चौथा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे "गुणवत्तेसाठी" रेकॉर्डिंग असतं आणि ते कोणी ऐकत नाही असा माझा अंदाज आहे.

प्रतिनिधी म्हणाले, "सर, लिंक ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करून बघा."

मी म्हटलं, "तिथे टाइप केल्यावर ॲप उघडत नाही. कोणाचंच उघडत नाही. माणसाने स्वतः पत्ता लिहिला म्हणजे त्याला ते पान हवं आहे असं ब्राउझर धरतो. लिंक संदेशातून दाबायची असते."

"तरी एकदा करून बघा सर."

केलं. पान ब्राउझरमध्येच उघडलं.

"म्हणजे आपल्या ॲपमध्ये दोष आहे, सर."

मी दहा सेकंद गप्प होतो. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता ऐका. मग मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या नमुना-ॲपची लिंक तशीच टाइप करा." त्यांनी केली. तीही ब्राउझरमध्ये उघडली. त्यावर ते म्हणाले, "आमचं ॲप व्यवस्थित आहे सर, हे ब्राउझरमुळे होतंय."

तीच चाचणी, तोच निकाल. माझ्याकडे झालं तर माझं ॲप वाईट, तुमच्याकडे झालं तर ब्राउझर वाईट. मी प्रतिनिधींवर चिडलो नाही. खरं सांगायचं तर चिडलो, पण त्यांच्यासमोर जो कागद आहे तो कोणी लिहिला हे मला जाणून घ्यायचं आहे. पुढची ओळही त्या कागदावरचीच असावी: "ॲप काढून पुन्हा बसवा, सर. आमच्या टेस्टिंगच्या फोनवर तर चालतंय."

चालणारच! तुमच्या फोनवर आमचं ॲप मार्चपासून आहे. तेव्हा फाईल नीट होती, साक्ष जुळली आणि तो निकाल फोनने जपून ठेवला. म्हणूनच जुन्या लोकांचं चालतंय आणि नव्यांचं नाही. आणि म्हणूनच "काढून पुन्हा बसवा" हा जगातला सर्वात वाईट सल्ला आहे, कारण पुन्हा बसवताना फोन फाईल पुन्हा मागतो आणि त्याला तुमचं 301 मिळतं. तुमचा हाच सल्ला पहिल्या फोननंतर आम्ही मुकाट्याने पाळला होता. कार्यालयातल्या आठ फोनांपैकी सहांवर लिंक चालत होत्या. पुन्हा बसवल्यावर आठही बिघडले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मी ऐकून होतो. बंबात रॉकेल भरून आणणारे तुम्ही पहिलेच.

तिसऱ्या फोनवर "ठसा चुकला असेल" असंही सांगण्यात आलं होतं. तो मी तपासला. प्ले कन्सोलवर ॲपच्या सहीचा जो ठसा दिसतो तोच फाईलमध्ये आहे. अपलोडच्या चावीचा ठसा टाकण्याची चूक अनेक जण करतात, आम्ही केलेली नाही, आणि केली असती तर मार्चपासून लिंक चाललीच नसती. वळणाशी ठशाचा संबंधही नाही. फोन फाईलपर्यंत पोहोचतच नाही, तर आतला ठसा वाचणार कुठून?

शेवटी प्रतिनिधींनी उपाय सुचवला: "सर, तुम्ही myapp:// अशी स्वतःची स्कीम वापरा, तिला फाईल लागत नाही." खरं आहे, लागत नाही. साक्षच नसते, म्हणून दुसरं कोणतंही ॲप तीच स्कीम आपली म्हणून जाहीर करू शकतं. रुग्णाच्या भेटीचा क्रमांक असलेली लिंक मी अशा दारावर ठेवायची? शिवाय बऱ्याच संदेश-ॲपमध्ये असा पत्ता दाबण्याजोगा दिसतच नाही, आणि ॲप नसेल तर त्या पत्त्याला जायला जागाच नाही. पडताळणी असलेल्या लिंकसाठी पैसे घ्यायचे आणि अडचण आली की पडताळणी नसलेली लिंक सुचवायची, याला मराठीत जो शब्द आहे तो पत्रात लिहिता येत नाही.

आम्ही तुमच्याकडे आलो ते गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली म्हणून. त्यांनी निदान तारीख आधी जाहीर करून दुकान बंद केलं. तुम्ही दुकान उघडं ठेवून आतला माल हलवलात आणि दारावर हिरवी टिक तशीच ठेवलीत. वाईट याचं वाटतं की मी तुमचं नाव आणखी दोन ठिकाणी सुचवलं होतं.

मला हवं ते थोडकं आहे. .well-known खालचे पत्ते त्या सरसकट नियमातून वगळा, म्हणजे फाईल वळणाशिवाय थेट मिळेल, 301 ऐवजी 200 देईल. आयफोनसाठीची apple-app-site-association ही फाईलही त्याच फोल्डरमध्ये, त्याच वळणात अडकली आहे. आयफोन ती ॲपलच्या मधल्या सर्व्हरकडून घेतात म्हणून तिथली ओरड अजून कमी आहे, इतकंच. हिरवी टिक रोज तपासून दाखवा, नाहीतर काढून टाका. आणि फाईल दुरुस्त झाली की आम्हाला कळवा, कारण बिघडलेले फोन आपोआप लगेच सुधारतील यावर मी विसंबणार नाही. आमच्या आठ फोनांवर मी `adb shell pm verify-app-links --re-verify com.example.app` चालवेन. पण रुग्णांना केबल जोडायला सांगू शकत नाही, त्यांना पुन्हा बसवायला सांगावं लागेल. तो संदेश तुमच्या खर्चाने जाईल.

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत फाईल 200 देत नसेल, तर go उपडोमेनची नोंद मी तुमच्याकडून काढून आमच्या सर्व्हरकडे वळवेन. डोमेन आमचं आहे. आत्तापर्यंत पाठवलेल्या लिंकचे पत्ते तेच राहतील. दोन फाईली आणि ॲप नसलेल्यांसाठी एक साधं पान, एवढंच ठेवायचं आहे. हे आधीच का केलं नाही, असं सहकारी विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

चौथ्या फोननंतर मला "आपला अनुभव कसा होता?" अशी लिंक आली आहे. ती दाबली. ब्राउझरमध्ये उघडली, मग स्टोअर, मग तुमच्या ॲपचं मुखपृष्ठ. अभिप्रायाची स्क्रीन अजून सापडलेली नाही, म्हणून हे पत्र.

एक ग्राहक (शुक्रवारपर्यंत)