तिसरी रेघ

सांगली, रविवार

प्रिय मनू,

काल तू फोन मध्येच ठेवलास. मी जेवणाचं विचारलं म्हणून ठेवलास, हे कळलं मला. या पत्रात ते विचारायचं नाही, असं ठरवून बसलोय.

बंगळूरच्या त्या मुलाचं नऊ दिवस उत्तर नाही म्हणून तू नाणी टाकलीस, त्या कागदाचा तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. नानांच्या कपाटातलं ते यी चिंग, नाणी टाकून वाचायचं जुनं चिनी पुस्तक, तू पुण्याला नेलंस तेव्हा तुझी आई म्हणाली होती, नाण्यांनी कुठे आयुष्याची उत्तरं मिळतात का. मी गप्प बसलो, कारण माझी वीस वर्षं त्या पुस्तकासोबत गेली आहेत आणि त्याने मला एकदाही भविष्य सांगितलेलं नाही. आपण कुठे उभे आहोत, एवढंच ते विचारतं.

आकडे तू नीट मांडलेस. छाप्याला ३, काट्याला २, तीन नाण्यांची बेरीज, आणि रेघा खालून वर. ७, ७, ९, ८, ७, ८. सात म्हणजे अखंड रेघ, आठ म्हणजे तुटलेली. तिसऱ्या फेकीला तिन्ही छापे आले, म्हणून नऊ, म्हणजे अखंडच, पण बदलू पाहणारी. खालच्या तीन रेघा आकाश, वरच्या तीन पाणी. सहा रेघांची ही पुस्तकातली पाचवी आकृती, शू, वाट पाहणं. पाणी आकाशावर चढलंय, ढग झालेत, पाऊस अजून पडलेला नाही.

इथपर्यंत बरोबर. चूक पुढे झाली, आणि ती तुझ्यासारख्या हुशार मुलीकडून झाली म्हणून जास्त लागली. तिसऱ्या रेघेचं वाक्य आहे, चिखलात वाट पाहिली तर शत्रू येतो. ते वाचून तू म्हणालीस, "बाबा, म्हणजे त्याच्याकडे दुसरं कुणीतरी आहे." मनू, ती रेघ त्याच्याबद्दल बोलतच नाही. तू प्रश्न विचारलास, म्हणून ती तुझ्या पायाखालची जमीन दाखवते.

खालून रेघा वाच. पहिली माळावर वाट पाहते, पाण्यापासून लांब, आणि तिला सांगितलंय की रोजचं काम चालू ठेव. दुसरी वाळूत, तिथे लोक थोडं बोलतात, पण शेवट चांगला. तिसरी चिखलात, पाण्याच्या अगदी कडेला. धोका तोच आहे, वाढलं काय तर आपली घाई, आणि तिनेच आपल्याला कडेला आणून उभं केलं. त्या ओळीवरच्या जुन्या टीकेत स्पष्ट म्हटलंय की शत्रू आपणच ओढवून घेतो, आणि जपून राहिलं तर हार होत नाही. नऊ दिवसांत तू त्याला किती मेसेज केलेस ते मला सांगू नकोस. पण रात्री दोनला त्याच्या मित्राला फोन केलास, तो चिखल.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. पाटबंधाऱ्यात असताना मी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी लिहायचो. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेली, तेव्हा मी निवृत्त होतो, पण गच्चीवरून पाणी बघत होतो. तेव्हा कळलं की पातळी लिहिणाऱ्याला धीर असतो, कारण त्याच्या हातात पट्टी असते. नुसतं बघणाऱ्याला नसतो. तू पट्टीशिवाय बघत बसली आहेस, पोरी. अन्न पोटात नसलं की पाणी जास्तच चढलेलं दिसतं. (आलं बघ जेवण. माफ कर.)

पण पुस्तकातही तेच आहे, मी ते घुसडत नाहीये. या आकृतीच्या प्रतिमेत सांगितलंय की ढग आकाशात चढलेत, अशा वेळी शहाणा माणूस खातो-पितो, आनंदात राहतो. पाचवी रेघ, जी इथे सर्वांत मानाची, ती तर खाण्यापिण्यात वाट पाहते आणि तिला शुभ म्हटलंय. हरिपूरचा नावाडी आठवतो का? पूर असला की नाव झाडाला बांधून भाकरी खायचा. नदी उतरेपर्यंत माणूस दुबळा झाला तर वल्हं कोण मारणार, म्हणायचा. तू लहान होतीस, तुला त्याच्या ताटातला ठेचा तिखट लागला आणि आईने मला ओरडलं.

"मोठं पाणी ओलांडणं हिताचं" हे वाचून तू बंगळूरला निघायचं म्हणतेस. त्या वाक्याआधीचं वाच. मनात खरेपणा असेल, उजेड असेल, चिकाटी असेल, तर. नावाड्याने नाव सोडायची वेळ वेगळी आणि नाव बांधायची वेळ वेगळी. आई-वडिलांना न सांगता रात्रीच्या गाडीने जाशील, हे मला भीती वाटायला पुरेसं आहे. हे लेक्चर झालं, मला माहीत आहे. तुला रागवायचा हक्क राहिलाय का माझा, हेच कळत नाही.

मीही एकदा चिखलात उभा राहिलोय. तुझ्या आईकडून पाहण्यानंतर तेवीस दिवस निरोप नव्हता. चोविसाव्या दिवशी मी तासगावला न विचारता गेलो. त्या घरात तिच्या आजी आजारी होत्या, म्हणून कुणी बोललं नव्हतं. माझ्या जाण्याने त्यांना वाटलं, हा मुलगा उतावीळ आहे. पुढचे दोन महिने मोडता मोडता राहिलं, ते तुझ्या मामांमुळे. त्या दोन महिन्यांचं तुझी आई अजून बोलते. मी काय सांगू, तिचं गप्प राहणं माझ्याबद्दल नव्हतंच.

त्याचं काय, ते मला माहीत नाही आणि नाण्यांनाही नाही. म्हणूनच दुसऱ्यांदा नाणी टाकलीस ते मला पटलं नाही. त्याच पुस्तकात, आधीच्याच चौथ्या आकृतीत आहे की पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, पुन्हा पुन्हा विचारलं तर तो अनादर, मग सांगत नाही. ती दुसरी आकृती खोडून टाक. पहिलीच वाच.

नऊ बदलला की तिसरी रेघ तुटते आणि साठावी आकृती होते, ज्ये. त्या शब्दाचा अर्थ बांबूची गाठ. आपल्या उसाला पेरापेरावर असते तशी. म्हणजे मर्यादा. तिच्यात यश आहे, पण कडू मर्यादा धरून बसू नये, असंही सांगितलंय. माझं वाचन असं: तुझ्या वाट पाहण्याला एक गाठ घाल. एकच मेसेज कर, साधा, त्यात आरोप नको, आणि बुधवार रात्रीपर्यंत थांबेन असं त्यात लिही. तोवर दुसरा मेसेज नाही, त्याच्या मित्राला फोन नाही. उत्तर नाही आलं तर गुरुवारी तू ठरवायचंस, मी नाही. बुधवारपलीकडे रोज नवी गाठ घालत राहिलीस, तर तीच कडू.

तू एवढं सगळं एकटीने सोसतेस, आणि मला नाण्यांचा कागद पाठवतेस, त्याचा मला फार अभिमान वाटला. सोळाव्या वर्षी तू मला काही सांगत नव्हतीस.

भडंग दिलंय शेजारच्या पोराकडे, मंगळवारी पोचेल. आईने त्यात दाणे जास्त घातलेत. डबा पोचला की दोन घास खाऊन फोन कर, बुधवारचं काहीही विचारणार नाही.

तुझा,
बाबा