सूचना : कॅन्टीनच्या भाज्यांचा पावसाळी तक्ता

सर्व सभासदांना कळवण्यात येते की सोमवार, 6 जुलैपासून दुपारच्या जेवणात भाज्यांचा नवा तक्ता सुरू होईल. ताटाचा दर वाढणार नाही.

मटार-फ्लॉवर ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद. पावसाळ्यात मटार महाग असतो आणि सोलल्यावर निम्मा उरतो. 120 पानांना 12 किलो दाणे हवे असतील तर साधारण 25 किलो शेंगा घ्याव्या लागतात. तेवढ्याच भाजीला दुधी 15 किलो पुरतो. पालेभाजी आठवड्यातून एकदाच. सध्या जुडीत चिखल आणि सडका पाला फार निघतो, निवडणाऱ्या मावशींना विचारा.

आपण रविवारी बंद, म्हणून जुना तक्ता 6 दिवसांचा होता. परिणामी दर मंगळवारी भोपळा, वर्षभर! नवा तक्ता 10 दिवसांचा आहे, त्यामुळे वार आपोआप सरकत राहील.

• भाज्या : दोडका, दुधी, भेंडी, गवार, पडवळ, कारलं, लाल भोपळा, मध्ये मटकी, चवळी, पिठलं.
• तीच भाजी परत आली तरी कृती वेगळी. दुधी एकदा चणाडाळ घालून, पुढच्या वेळी कोफ्ता. दोडक्याच्या शिरांची चटणी त्याच दिवशी ताटात.
• कारल्याच्या दिवशी उसळही असेल. ती हवी असल्यास सकाळी 10 पर्यंत काउंटरवरच्या वहीत लिहा, नंतर मिळणार नाही.
• भाव अचानक चढल्यास भाजी बदलेल. बदल फळ्यावर लिहू.

— कॅन्टीन समिती