गुप्त ठेवायला सांगितलेली बातमी हॉटेलच्याच कार्डावर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बेळगाव

विषय: लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाची गोष्ट पत्नीला आधीच कळल्याबाबत तक्रार

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. लग्न खानापुरात झालं तेव्हा सासरे आजारी होते, सगळं घाईत उरकलं. पंगत झाली, पण आम्ही दोघं शांतपणे बसून जेवलो असं त्या दिवशी घडलंच नाही. ते एकदा घडवून आणावं, एवढंच माझ्या मनात होतं.

भाचीच्या लग्नासाठी आम्ही बेळगावला येणारच होतो. खोली पत्नीने तिच्या नावावर, तिच्या मोबाईलवरून बुक केली होती. म्हणूनच मी दहा दिवस आधी तुम्हाला वेगळा ईमेल पाठवला. त्यात बुकिंग क्रमांक दिला आणि सुरुवातीलाच लिहिलं की बुकिंगमधला नंबर पत्नीचा आहे, त्यावर किंवा खोलीत फोन करू नका, काही विचारायचं असेल तर माझ्या नंबरवर विचारा. पुढे बाकीचं: रात्री सव्वाआठला कोपऱ्यातलं टेबल, अर्धा किलोचा बिनअंड्याचा केक, आणि गुच्छ नको, अबोलीचा गजरा. अबोलीला वास नसतो, पण ती पाण्याशिवायही बराच वेळ टवटवीत राहते, त्यामुळे दुपारीच आणून ठेवली तरी चालेल, हेही कळवलं होतं. केकवरचं नाव मराठीत हवं म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो जोडला. खोलीच्या बिलात काही दिसू नये म्हणून ३,२०० रुपये आधीच यूपीआयने भरले. त्यातले ८०० रुपये तुमच्या व्यवस्थेचे होते. तासाभरात 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं आणि मी निश्चिंत झालो.

शनिवारी दुपारी दोनला आम्ही काउंटरवर आलो. खोली पत्नीच्या नावावर, त्यामुळे सहीचं कार्ड तिच्यासमोर ठेवलं गेलं. त्यावर खाली 'विशेष सूचना' या चौकटीत माझ्या ईमेलचा मजकूर छापलेला होता: सव्वाआठला सरप्राइज जेवण, केक, फुलं, पत्नीला सांगू नये. तिचं पेन मध्येच थांबलेलं मी पाहिलं. तिने सही केली आणि काही बोलली नाही. मला वाटलं, चष्मा नव्हता, वाचलं नसेल.

पाच वाजता मी खाली गेलो असताना खोलीतला फोन वाजला. तुमच्या किचनमधल्या मुलाने विचारलं, "केकवर नाव कन्नडात घालायचं की मराठीत?" तिने "मराठीत" म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. हे मला रात्री अकराला कळलं. सव्वाआठला तिने तोंडावर हात ठेवून आश्चर्य दाखवलं, गजरा माळला, डोळे पुसले. खोलीत आल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही इतकं मनापासून केलंत, मला कळलंय हे कसं दाखवू?" पंचवीस वर्षांनी मिळालेली ती संध्याकाळ तिने मला जपण्यात घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या ड्युटी मॅनेजरना भेटलो. त्यांनी काही न लपवता सांगितलं. बुकिंगच्या नोंदीत दोन रकाने असतात. एकातला मजकूर पाहुण्याच्या कार्डावर छापून येतो, दुसरा फक्त स्टाफला दिसतो. सकाळच्या पाळीने माझा ईमेल पहिल्या रकान्यात चिकटवला. दुपारच्या पाळीने कार्ड छापलं ते न वाचता पुढे केलं. किचनच्या चिठ्ठीवर फक्त खोली क्रमांक गेला, माझा नंबरही नाही आणि नावाचा फोटोही नाही, म्हणून त्या मुलाने खोलीत फोन लावला. त्याच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता, त्याला कृपया बोल लावू नका. केक ताजा होता, अक्षर सुंदर होतं आणि वाढणाऱ्या दादांनी फार आपुलकीने केलं.

जेवणाचे, केकचे, फुलांचे पैसे मला परत नकोत. व्यवस्थेचे ८०० रुपये मात्र परत करावेत, कारण ते ज्यासाठी घेतले ते काम झालं नाही. शिवाय पुढे असा ईमेल आला तर तो स्टाफच्याच रकान्यात जाईल, पाहुणा येण्याआधी कार्ड कोणीतरी वाचेल, आणि किचनच्या चिठ्ठीवर ज्याने सांगितलं त्याचा नंबर असेल, एवढं ठरवून मला लेखी कळवावं.

उत्तर याच ईमेलवर द्यावं. फोन करायचा झाल्यास माझ्याच नंबरवर करावा, बुकिंगमधल्या नव्हे.

आपला,
एक ग्राहक, निपाणी