आयावास्काचे पथ्य आणि रोजच्या गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेरूमध्ये आयावास्का हे भास घडवणारे पेय जिथे देतात, त्या शिबिरांवर आलेला लेख वाचला. अनुभवाचे वर्णन सविस्तर होते, सोबत पथ्याची चौकटही होती: जुने चीज नको, मद्य नको, सोया सॉस नको, खारवलेले मांस नको. ही यादी चुकीची नाही. पण त्या चौकटीत गोळ्यांचा उल्लेख एका ओळीपुरताही नव्हता, आणि मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवल्यामुळे ती उणीव मला फार खुपली. या पेयाच्या बाबतीत अन्नापेक्षा औषधांचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि तो का, हे समजायला पेय मुळात काम कसे करते ते पाहावे लागते.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे पेय साधारणपणे दोन वनस्पती एकत्र उकळून करतात. एक चाक्रुना नावाच्या झुडपाची पाने आणि दुसरी एक जाड वेल. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी १८५२मध्ये ब्राझीलमधील उआउपेस नदीकाठी या वेलीची नोंद केली. भास घडवणारे द्रव्य, म्हणजे डीएमटी, पानांत असते. पण ते नुसते गिळले तर काहीच होत नाही, कारण आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर असते. डॉक्टर मंडळी त्याला 'माओ' म्हणतात. त्याचा 'ए' प्रकार डीएमटी रक्तात पोचण्यापूर्वीच मोडून टाकतो. वेलीतील हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्ये या विकराला काही तास अडवून धरतात, तेव्हा कुठे पानांतले डीएमटी मेंदूपर्यंत पोचते. हा तर्क शास्त्रज्ञांनी १९६७मध्ये मांडला आणि १९८४मध्ये प्रयोगशाळेत तपासला गेला. ॲमेझॉनमधील लोकांना ही जोडी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

म्हणजे वेल हे नुसते चवीपुरते मिश्रण नाही, ते स्वतःच एक औषध आहे. नैराश्यावर १९५०च्या दशकापासून जी 'माओ'रोधक औषधे दिली गेली, त्यांच्याच जातीचे. आणि हे विकर काही डीएमटीची वाट पाहत बसलेले नसते. आपल्या शरीरात मज्जातंतूंचे निरोप पोचवणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये आवरती घेणे आणि अन्नातून येणारे टायरामिन मोडणे हे त्याचे रोजचे काम आहे. ते अडवले की ही सगळी कामे एकदम थांबतात.

आधी अन्नाचे. प्रथिनांचे पदार्थ मुरले, आंबले किंवा शिळे झाले की जिवाणू त्यांतल्या टायरोसिनपासून टायरामिन बनवतात. जुने चीज, खारवलेले मांस, सोया सॉस, नीट न साठवलेली किंवा सुकवलेली मासळी यांत ते जास्त सापडते. ताजे पनीर किंवा ताज्या दह्यात सहसा फार नसते. एरवी आतड्यातच मोडणारे हे टायरामिन विकर बंद असताना रक्तात शिरते, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन बाहेर ढकलते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. जेवणानंतर तासा-दोन तासांत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका सुरू होतो, छातीत धडधडते, आणि वाईट प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होतो. १९६३मध्ये लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरांनी हा संबंध उलगडला. त्यात नॉटिंगहॅममधील एका औषधविक्रेत्याच्या पत्राचा मोठा वाटा होता: आपली पत्नी ही गोळी घेत असताना चीज खाल्ले की तिचे डोके असह्य दुखते, हे त्याने लिहून कळवले होते.

पण ब्लॅकवेल यांच्या काळातल्या गोळ्या आणि ही वेल यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. त्या गोळ्या विकराला कायमचे निकामी करत. शरीराला नवे विकर बनवायला साधारण दोन आठवडे लागत. शिवाय त्या 'ए' आणि 'बी' दोन्ही प्रकार बंद करत. अशा रुग्णाला आठ-दहा मिलिग्रॅम टायरामिनही बाधू शकते. वेलीतील द्रव्ये मुख्यतः 'ए' प्रकारच अडवतात आणि त्यांची पकड सैल असते. टायरामिन जास्त आले तर ते त्यांना बाजूला सारून स्वतः विकराला जाऊन भिडते. याच जातीच्या मोक्लोबेमाइड या गोळीवर रक्तदाब तसा चढायला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास टायरामिन लागते आणि नेहमीच्या जेवणात तेवढे क्वचितच असते. मात्र उकळलेले पेय म्हणजे मोजून भरलेली गोळी नव्हे. एका हंड्यातला काढा दुसऱ्यापेक्षा कितीतरी पट तीव्र निघू शकतो, आणि वेलीऐवजी हरमलच्या बिया वापरल्या तर हार्मालिनचे प्रमाण पुष्कळच वाढते. आपल्याकडे इस्पंद म्हणून धुनीला मिळतात त्याच या बिया. म्हणून पथ्य पाळावेच. ज्याला आधीच रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्याच्यासाठी तर ही सैल पकडही भरवशाची नाही.

गोळ्यांच्या बाबतीत असा कोणताही दिलासा नाही. नैराश्यावरची आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी औषधे, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, मज्जापेशींबाहेर सांडलेले सेरोटोनिन परत आत ओढण्याची वाट बंद करतात. वेल त्याच सेरोटोनिनची मोडण्याची वाट बंद करते. दोन्ही मोऱ्या तुंबल्या आणि नळ चालूच राहिला, तर घरात पाणी साचणारच. त्यात, पेशींवर सेरोटोनिन ज्या जागी जाऊन बसते, त्याच जागांवर डीएमटी स्वतःही काम करते. सेरोटोनिनच्या अशा अतिरेकाने होणाऱ्या विकाराला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. १९९८मध्ये कॅलवे आणि ग्रोब या संशोधकांनी आयावास्का आणि या गोळ्यांच्या एकत्र वापराबद्दल स्पष्ट इशारा छापला होता.

"गोळी आठवडाभर आधी बंद केली की झाले," असे कुणीतरी सांगते आणि माणूस निर्धास्त होतो. फ्लुओक्सेटिनचा हिशेब करून पाहू. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या शरीरात त्याचे नॉरफ्लुओक्सेटिन तयार होते आणि तेही तितकेच काम करते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. आपण दहा दिवस धरू. मग सात दिवसांनी त्यातले सुमारे ६० टक्के शिल्लक असते, दोन आठवड्यांनी ३८ टक्के, आणि पाच आठवड्यांनी कुठे ते नऊ टक्क्यांवर येते. म्हणूनच फ्लुओक्सेटिननंतर 'माओ'रोधक औषध द्यायचे तर डॉक्टर किमान पाच आठवडे थांबतात. सर्ट्रालिनसारख्या लवकर निघून जाणाऱ्या गोळीनंतर दोन आठवडे. आठवडाभर गोळी चुकवलेल्या माणसाला वाटते आपण मोकळे झालो, आणि औषध तर अर्ध्याहून अधिक अंगात असते. हे आकडे मी शिबिराचे वेळापत्रक आखायला देत नाही. मनाशी ठरवून गोळी बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणे आणि मूळ आजार उलटणे हे धोके वेगळेच उभे राहतात, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो धोका जिवावरचा असतो. गोळी कमी करायची की नाही, हे ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांच्याशी बोलूनच ठरले पाहिजे.

दुसरी अडचण प्रश्न विचारण्यातच आहे. शिबिरात विचारतात, "डिप्रेशनची गोळी घेता का?" आणि माणूस खरेपणाने "नाही" म्हणतो. मधुमेहाच्या पायांतील जळजळीसाठी ड्युलोक्सेटिन चालू असते, शीघ्रपतनासाठी डॅपोक्सेटिन घेतलेले असते, मनातल्या सक्तीच्या विचारांसाठी क्लोमिप्रामिन असते, आणि यांतल्या कुणालाही आपण 'डिप्रेशनची गोळी' घेतो असे वाटत नाही. पण सेरोटोनिन परत आत ओढणे ही सगळीच औषधे अडवतात. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन, कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही याच यादीत येतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आपल्याकडे सरकारी उपचारांत लिनेझोलिड दिले जाते. ते प्रतिजैविक स्वतःच सौम्य 'माओ'रोधक आहे, म्हणजे वेलीवर आणखी एक रोधक. म्हणून आजार विचारू नये, गोळ्यांच्या पट्ट्या आणि सिरपच्या बाटल्या समोर ठेवायला सांगावे.

आणि गडबड झाली हे ओळखायचे कसे? सगळ्यात घातक गैरसमज इथेच होतो. या पेयाने उलट्या आणि जुलाब होतातच. तिकडे त्याला 'ला पुर्गा', म्हणजे शुद्धी, मानतात. त्यामुळे थरथर, घाम, तळमळ सुरू झाली तरी शुद्धीच चालली आहे असे समजून भोवतालचे लोक थांबून राहतात. नुसत्या उलटीत न दिसणारी खूण स्नायूंत असते. पाय हातांपेक्षा जास्त थरथरतात आणि ताठरतात. पाऊल झटकन वर दाबून धरले तर घोटा आपोआप ठेक्यात उडत राहतो. बाहुल्या विस्फारतात, डोळे आपोआप डावी-उजवीकडे हलतात, अंग तापत जाते. हे बहुतेक वेळा पहिल्या सहा तासांतच दिसते. हा ताप स्नायूंच्या सततच्या आकुंचनाचा असतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर तास-दोन तासांतही जीव जाऊ शकतो.

अशा वेळी रुग्णालयात नेणे हाच इलाज. तिथे स्नायू सैलावणारी बेंझोडायझेपिन गटातील औषधे, अंग थंड करणे, सलाइन आणि गरज पडल्यास सायप्रोहेप्टाडिन देतात. हे सायप्रोहेप्टाडिन आपल्याकडे मुलांच्या भुकेच्या सिरपमध्ये असते, पण घरी पाजून वाट पाहण्याचा हा प्रसंग नव्हे. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: कोणते पेय, किती वाजता, आणि गेल्या पाच आठवड्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्या. भारतात डीएमटी १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, म्हणून इथे लोक भीतीने गप्प बसतात आणि डॉक्टर अन्नातील विषबाधा समजून उपचार करत राहतात. उलटी थांबवायला सर्रास दिले जाणारे ऑन्डॅनसेट्रॉन किंवा वेदनेसाठी ट्रॅमाडॉल, यांतले काय द्यायचे आणि काय टाळायचे हे त्यांना त्या माहितीशिवाय ठरवता येत नाही.

अमेरिकेत, युरोपात शिकणारी आपली मुले अशा शिबिरांना जातात, आणि त्यांतली काही आधीच नैराश्याची औषधे घेत असतात. बरे वाटण्याच्या आशेनेच ती तिकडे वळतात. त्यांचे आई-वडील आपला अंक वाचतात. माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, पथ्याच्या चौकटीएवढ्याच जागेत, वर लिहिलेल्या औषधांची नावे छापावीत.

आपली नम्र,
औषधशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे