टिकलीवाल्या दादा, थँक यू

दादा, अप्पांचे हेडफोन टीव्हीला जोडून दिलेत, पण तुमचं नाव मी विचारलंच नाही. गल्लीत सगळे तुम्हाला दादाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. परवा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले तर अप्पा अंधारात हेडफोन लावून वेस्ट इंडिजमधली मॅच बघत बसलेले, आणि दोन हातांवर पोरगी गाढ झोपलेली. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

डोंबिवलीत आमचं वन रूम किचन. अप्पा म्हणजे माझे सासरे, त्यांना कमी ऐकू येतं, झोपही लागत नाही, कानातलं मशीन रात्री काढून ठेवतात, मग टीव्ही चाळीसवर. पोरगी दहावीला आणि मला पहाटे सव्वापाचची लोकल. दोन वर्षं रोज रात्री रिमोटवरून भांडण.

तुमच्या आधी काय काय झालं ते सांगते. एका मोठ्या शोरूममध्ये अप्पांसाठी हेडफोनचं विचारलं, तर तिथल्या मुलाने ठणकावून सांगितलं, "मॅडम, टीव्हीत ब्लूटूथ आहे, घरी जाऊन नुसतं जोडा." ते ब्लूटूथ होतं फक्त रिमोटसाठी! मेनूत हेडफोन दिसायलाच तयार नाही. परत गेले तर म्हणे टीव्ही जुना झाला, नवीन घ्या. मग ऑनलाइन मागवला छोटा ट्रान्समीटर, तो टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावला, आवाज आला, पण बॅट फिरून जायची आणि 'टक्' मागून यायचं. अप्पा वैतागून म्हणाले, "बॅट्समन पळायला लागला की मला शॉट ऐकू येतो." कस्टमर केअरला फोन केला तर ऑडिओ डिलेची सेटिंग वाढवा म्हणाले, वाढवली, तर आणखीच मागे पडलं.

तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत की ती सेटिंग आवाजाला फक्त मागे ढकलू शकते, पुढे आणू शकत नाही, आणि आपला आवाज आधीच मागे आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवायचा, पलीकडे साठवून परत उलगडायचा, यातच सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. नुसती गाणी ऐकताना कळत नाही, ओठ हलताना दिसले की लगेच कळतं. उपाय म्हणजे लो लेटन्सीवालं, आवाज फार उशीर न करता पोचवणारं, पण ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांतही तेच हवं, एकातच असलं तर गाडी परत जुन्याच चालीवर. म्हणजे माझे साडेतीन हजारांचे हेडफोन या कामाला बाद. हे तुम्ही तोंडावर सांगितलंत, पण आधी तुमच्याकडची जोडी अप्पांच्या कानाला लावून बातम्या लावल्यात आणि म्हणालात, "बाबा, तुम्ही सांगा ओठ जुळतायत का, मी नाही सांगणार." दोन वर्षांत त्यांना थेट विचारणारे तुम्ही पहिलेच.

ते भोक सैल होतं, खरखरायचं, म्हणून तुम्ही मागच्या ऑप्टिकलमधून जोडलंत. पहिल्यांदा आवाजच नाही, माझा तर जीवच गेला, पण सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार डॉल्बीचा बदलून साधा पीसीएम केलात आणि चालू. आता टीव्ही म्यूट ठेवला तरी हेडफोनमध्ये आवाज जातो. फक्त रिमोटने तो कमीजास्त होत नाही, हेडफोनवरचीच बटणं दाबायची, आणि ती तीन बटणं एका ओळीत, बोटाला सगळी सारखी, मधलं जास्त वेळ दाबलं की हेडफोन बंद. अप्पांनी तुमच्यासमोरच तीनदा बंद केला आणि ओशाळून म्हणाले, राहू दे, मी झोपतो.

आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, एक टिकली द्या ना."

मला वाटलं मस्करी करताय. मी आरशावरची एक काढून दिली, ती तुम्ही आवाज वाढवायच्या बटणावर दाबून बसवलीत, मग अप्पांचं बोट हातात धरून त्यावर फिरवलंत, डोळे मिटायला लावून चार वेळा. तुमचं दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, फोन वाजत होता, तरी घाई नाही. दोनशे रुपये घेतलेत आणि चहाही अर्धाच प्यालात. शोरूममध्ये एसी होता, सोफा होता, पण म्हाताऱ्या माणसाचं बोट हातात घ्यायला तिथे कोणाला सुचलं नसतं. असतात अजून अशी माणसं, आपणच चकचकीत दुकानं बघून आत शिरतो.

एकच तक्रार आहे. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे विकेट पडली की रात्री एक वाजता "गेला रे गेला!" असं ओरडतात. त्याला तुमच्याकडे काही उपाय असेल तर कळवा.

टिकली घामाने दर आठ-दहा दिवसांनी निघते. काल मी ऑफिसातून आले तर अप्पा आरशासमोर उभे, म्हणाले, "सूनबाई, ती मोठी वाली कुठे ठेवलीस? ही बारीक बोटाला लागत नाही."