बाबा, टेप चौकटीच्या आतून लावा

प्रिय आई आणि बाबा,

फ्रंट लोड नको, सात किलोचं टॉप लोड वॉशिंग मशीन मागवलंय. बाबा, दुकानात तुमचं मन फ्रंट लोडवर बसलं होतं, माहीत आहे. कपडे त्यात जास्त स्वच्छ निघतात, हेही खरं. पण त्याच्या पोटात काँक्रीटची वजनं असतात, म्हणून ते साठ-पासष्ट किलो भरतं. लिफ्टमध्ये गेलं नाही तर तीन मजले जिन्यानं चढवायला कोण तयार होणार? हे टॉप लोड तीसेक किलोचं आहे. फ्रिजच्या वेळचं मी काही बोलत नाही.

तुम्ही ड्राय बाल्कनीच्या दाराचं माप ७६ सेंटिमीटर कळवलंत, ते चौकटीच्या लाकडासकट होतं. व्हिडिओ कॉलवर आतून मोजलं तेव्हा ६८ भरलं. दार ओट्याला अडतं, काटकोनापुढे उघडत नाही. म्हणजे फळीची जाडी ४ आणि कडीचे ३ वजा करायचे. राहिले ६१. मशीन ५४ रुंद, ५६ खोल, ९२ उंच आहे. ५४ची बाजू समोर धरली की दोन्हीकडे तीन-साडेतीन सेंटिमीटर मोकळे राहतात. खोकं मात्र ६१चं, ते घासून अडकेल. जुनी चौकट फुगलेली असते, म्हणून खाली, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्या. सगळ्यात लहान असेल ते खरं.

लिफ्टचं तसंच. जाळीचं दार पूर्ण सरकवलं तरी त्याच्या घड्या एका बाजूला जागा खातात, आणि मोकळे उरतात ५९. म्हणून खोकं खालीच, पोचवणाऱ्या माणसांसमोर उघडायचं. चालेल का, ते मी विचारून ठेवलंय, चालेल म्हणाले. ड्रममधला थर्माकोल मात्र वर येईपर्यंत काढू देऊ नका, नाहीतर ड्रम आत हेलकावे खातो. मशीन उभंच आणायचं, आडवं नाही.

आई, थंडीत तुझ्या बोटांना भेगा पडतात, त्यावर रात्री तूप चोळत बसायचीस. आता चादरी पिळायच्या नाहीत. वाकायचंही नाही, झाकण कमरेच्या वर आहे. फक्त ते उघडलं की उंची १३२ होते आणि तुझी बरण्यांची फळी १२५वर आहे. फळी काढायला सांगत नाही गं, वीस सेंटिमीटर वर सरकवू. सुतार शुक्रवारी येईल. मागे पाइपांसाठी दहा सेंटिमीटर सोडायचे, नाहीतर पाइप दुमडतो आणि पाणी साचून राहतं.

बाबा, बरण्या तुम्ही उतरवायच्या नाहीत. स्टुलावर चढायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी फोन करते, तेव्हा टेप हाताशी ठेवा.

तुमची,
चिऊ