एकत्रित ताळेबंदातल्या शून्यामागचा फरकही दाखवला जावा : कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कंपनी व्यवहार मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांचे हिशेब एकत्र करून समूहाचा एकच ताळेबंद तयार करण्याचे काम मी करतो. या कामातल्या एका जागेकडे आपले लक्ष वेधावे आणि वार्षिक विवरणपत्रात एका तक्त्याची भर घालण्याची विनंती करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुख्य कंपनी उपकंपनीला माल किंवा सेवा पुरवते, खर्चावर ठरलेला मार्कअप लावून बीजक काढते आणि त्या रकमेचे येणे आपल्या वहीत दाखवते. उपकंपनीच्या वहीत तीच रक्कम देणे म्हणून असायला हवी. दोघींचे हिशेब एकत्र करताना हे येणे आणि हे देणे, तसेच एकीची विक्री आणि दुसरीची खरेदी, समोरासमोर ठेवून पूर्णपणे वगळावी लागतात, कारण समूह स्वतःलाच माल विकू शकत नाही आणि स्वतःचे देणेकरीही होऊ शकत नाही. आयएफआरएस १० हे आंतरराष्ट्रीय मानक याबाबत स्पष्ट आहे. वगळणूक पूर्ण रकमेची करायची आणि समूहातल्या व्यवहारातून शिलकी मालात किंवा स्थिर मालमत्तेत शिरलेला नफाही पूर्ण काढायचा. मुख्य कंपनीकडे उपकंपनीचे ऐंशी टक्केच भाग असले, तरीही वगळणूक ऐंशी टक्क्यांची होत नाही.

नियम चांगला आहे. अडचण अशी आहे की त्याचे पालन झाल्यावर वाचकाला फक्त शून्य दिसते. ते शून्य दोन्ही वह्या खरोखर जुळल्यामुळे आले, की जुळत नसलेली रक्कम एखाद्या तिसऱ्या खात्यात ढकलल्यामुळे आले, हे छापील ताळेबंदावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. हा फरक किती खोल जातो, ते एका उदाहरणाने मांडतो. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण त्यातली कारणे रोजच्या कामात भेटणारी आहेत.

मुख्य कंपनीने वर्षभरात उपकंपनीला खर्चावर २५ टक्के मार्कअप लावून ५० लाखांचा माल विकला. त्या मालाचा मूळ खर्च ४० लाख होता. याशिवाय व्यवस्थापन सेवांपोटी तिने ४० हजारांचे वेगळे बीजक पाठवले. वर्षअखेरीस मुख्य कंपनीच्या वहीत उपकंपनीकडून येणे १८ लाख ४० हजार दिसते, तर उपकंपनीच्या वहीत मुख्य कंपनीला देणे १५ लाख ९० हजार दिसते. फरक अडीच लाखांचा आहे.

हा फरक फोडून पाहिला की त्यात तीन वेगळ्या गोष्टी सापडतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुख्य कंपनीने दीड लाखाचे बीजक काढले, माल गोदामातून निघाला, पण उपकंपनीकडे तो पुढच्या वर्षात पोहोचला आणि तिने त्याची नोंद पोहोचल्यावरच केली. उपकंपनीने ६० हजार बँकेतून पाठवले होते, ते मुख्य कंपनीच्या खात्यात अजून जमा व्हायचे होते. राहिलेले ४० हजार म्हणजे सेवांचे बीजक, ज्याचा आधार काय असे विचारत उपकंपनीने ते नोंदवलेच नाही.

जुळवणी नीट करणारा हिशेबनीस तिन्हींना तीन वेगळी वळणे देतो. दीड लाखाचा माल उपकंपनीच्या बाजूने ‘वाटेतला माल’ म्हणून आणि देणे म्हणून नोंदवला जातो. ६० हजार ‘वाटेतली रक्कम’ म्हणून मुख्य कंपनीच्या बाजूने जमा धरले जातात आणि तेवढे येणे कमी होते. सेवा खरोखर मिळाली असेल, तर ४० हजारांचा खर्च उपकंपनीत नोंदवला जातो, आणि मिळाली नसेल तर मुख्य कंपनी तेवढे उत्पन्न मागे घेते. आता येणे १७ लाख ८० हजार होते आणि सेवा मान्य झाली असेल तर देणेही १७ लाख ८० हजार होते. त्यानंतरच दोन्ही रकमा वगळायच्या.

वेळ कमी असेल आणि कोणी विचारणारे नसेल, तेव्हा मात्र दुसरा मार्ग धरला जातो. १५ लाख ९० हजार दोन्हीकडून वगळायचे आणि उरलेले अडीच लाख ‘इतर चालू मालमत्ता’ या मथळ्याखाली ठेवून द्यायचे. ताळेबंद जुळतो. वर वर पाहता बिघडले काहीच नाही, पण त्या अडीच लाखांच्या आत डोकावले तर १ लाख २० हजार हा वाटेतल्या मालाचा समूहाला पडलेला खर्च आहे आणि ६० हजार ही वाटेतली रोकड आहे. म्हणजे १ लाख ८० हजारांची मालमत्ता खरी आहे, फक्त चुकीच्या नावाखाली बसली आहे. बाकीच्या ७० हजारांमागे काहीही नाही. त्यातले ३० हजार हा वाटेतल्या मालावर समूहाने स्वतःलाच लावलेला मार्कअप आहे आणि ४० हजार हे असे उत्पन्न आहे, ज्याचा खर्च दुसऱ्या बाजूने कोणी मान्यच केलेला नाही. समूहाचा नफा नेमका या ७० हजारांनी फुगलेला असतो. विक्रीच्या बाजूलाही तसेच घडते : उपकंपनीच्या वहीत खरेदी साडेअठ्ठेचाळीस लाख आहे म्हणून तेवढीच विक्री वगळली, तर दीड लाखाची अशी विक्री एकत्रित हिशेबात उरते, जी समूहाबाहेरच्या कोणालाही झालेली नाही.

रक्कम लहान आहे, असे आपले अधिकारी म्हणू शकतील. मात्र समूहात अशा अनेक जोड्या असतात आणि त्यांचे फरक एकमेकांना झाकतात. एका उपकंपनीशी येणे अडीच लाखांनी जास्त आणि दुसरीशी तेवढ्यानेच कमी असेल, तर समूहाच्या पातळीवर निव्वळ फरक शून्य दिसतो आणि तपासणीसाठी ठरवलेली मर्यादा कधी ओलांडलीच जात नाही. प्रत्यक्षात पाच लाखांचे प्रश्न अनुत्तरित असतात. म्हणूनच फरक नेहमी जोडीनिहाय पाहावा लागतो, बेरीज-वजाबाकी करून नव्हे.

शिलकी मालातल्या नफ्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे होणारी चूक ताळेबंदाच्या बाहेरून अजिबात ओळखता येत नाही. वरच्या उदाहरणात उपकंपनीकडे वर्षअखेरीस बीजकाच्या किमतीने १० लाखांचा माल शिल्लक आहे आणि दीड लाखाचा वाटेत आहे. साडेअकरा लाखांच्या या मालात मुख्य कंपनीचा नफा किती? मार्कअप २५ टक्के म्हणून साडेअकरा लाखांचे २५ टक्के काढले जातात आणि २ लाख ८७ हजार ५०० हा आकडा येतो. तो चूक आहे. मार्कअप खर्चावर आहे, शिल्लक मात्र विक्रीच्या किमतीत मोजलेली आहे, म्हणून १२५ मधले २५ म्हणजे पाचवा हिस्सा काढायला हवा, आणि तो २ लाख ३० हजार येतो. समूहाबाहेरच्या ग्राहकाला माल विकला जाईपर्यंत एवढा नफा समूहाने कमावलेलाच नसतो.

याहून अवघड चूक दुसऱ्या वर्षी होते. मागच्या वर्षअखेरीस शिलकी मालात असाच १ लाख ३० हजारांचा नफा अडकला होता आणि तो माल यंदा बाहेर विकला गेला, तर तो नफा यंदा समूहाला खरोखर मिळाला. त्यामुळे यंदाच्या नफ्यातून २ लाख ३० हजार नव्हे, तर १ लाखच कमी व्हायला हवेत. पण वगळणुकीच्या या नोंदी कोणत्याही कंपनीच्या खतावणीत नसतात. त्या फक्त एकत्रीकरणाच्या तक्त्यावर असतात आणि नव्या वर्षाचा तक्ता दोन्ही कंपन्यांच्या वह्यांवरून नव्याने सुरू होतो. मागच्या वर्षीची नोंद कोणी आठवणीने पुढे ओढली नाही, तर ती कुठेही शिल्लक राहत नाही. तेव्हा समूहाची सुरुवातीची राखीव शिल्लक मागच्या वर्षीच्या अखेरच्या शिलकेशी जुळते का, ही चूक पकडण्याची सर्वांत साधी कसोटी आहे.

वर्षअखेरीस मार्कअपचा दर मागे जाऊन बदलला जातो, तेव्हाही घोळ होतो. करविषयक धोरणात ठरलेला नफा मिळाला नाही म्हणून मुख्य कंपनी संपूर्ण वर्षासाठी एकच डेबिट नोट पाठवते. उपकंपनी ती सरळ खर्चात टाकते, शिलकी मालाच्या किमतीला हात लावत नाही, आणि एकत्रीकरण करणारा मात्र नव्या, वाढीव दराने नफा वगळतो. मालात जो नफा कधी शिरलाच नाही, तो मालातून काढला जातो.

माझी विनंती अशी आहे की एकत्रित ताळेबंद दाखल करणाऱ्या प्रत्येक समूहाने, आपण ठरवाल त्या आकारमानाच्या वर, एक जुळवणी तक्ता जोडावा. वगळणुकीपूर्वी प्रत्येक जोडीतले येणे आणि देणे किती होते, फरक किती होता, त्यातला किती वाटेतल्या मालाचा, किती वाटेतल्या रकमेचा, किती विनिमय दराचा आणि किती वादातला होता, आणि काहीच कारण न सापडलेली रक्कम कोणत्या मथळ्याखाली ठेवली, एवढे त्यात असावे. जोड्यांची बेरीज करून निव्वळ आकडा देण्यास मनाई असावी. शिलकी मालातून वगळलेला नफा वर्षाच्या सुरुवातीचा आणि अखेरचा, दोन्ही आकड्यांनी दाखवला जावा. उपकंपनीचे वर्ष वेगळ्या तारखेला संपत असेल, तर मानक तीन महिन्यांपर्यंतचे अंतर चालवून घेते. अशा ठिकाणी मधल्या काळात निघालेली बीजके स्वतंत्रपणे दाखवावीत, कारण तिथे दोन्ही शिलका मुळातच वेगवेगळ्या दिवसांच्या असतात.

आंतरसमूह व्यवहारांची माहिती प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र हिशेबात दिली जातेच, असा आक्षेप येईल. ती दिली जाते, पण प्रत्येक कंपनी स्वतःच्या वहीतला आकडा देते आणि दोन आकडे शेजारी ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. खर्च वाढेल हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. जो समूह वगळणूक खरोखर जुळवून करतो, त्याच्या कामाच्या कागदांत हा तक्ता आजही तयार असतो, आणि ज्याच्याकडे तो नाही, त्याचे शून्य कसे आले हे भागधारकांना आणि कर्ज देणाऱ्या बँकांना कळायलाच हवे.

विनिमय दराबाबत मात्र सवलत ठेवावी. मुख्य कंपनीचे येणे एका चलनात आणि उपकंपनीचे देणे दुसऱ्या चलनात असेल, तर शिलका वगळल्या गेल्या तरी दरातल्या बदलाचा नफा-तोटा समूहाच्या हिशेबात सर्वसाधारणपणे उरतो आणि आयएएस २१ नुसार तो उरायलाच हवा, कारण समूहाने ती जोखीम खरोखर उचललेली असते. असा फरक चुकीच्या यादीत गेला, तर प्रामाणिकपणे हिशेब मांडणाऱ्या कंपन्यांवर नाहक संशय येईल. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना मागितला आहे तो याच कारणाने.

विवरणपत्राच्या नमुन्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार आपल्या मंत्रालयाकडे असेल, तर पुढच्या आर्थिक वर्षासाठी नमुना जाहीर करण्यापूर्वी या तक्त्याचा मसुदा हिशेबनीस आणि लेखापरीक्षक यांच्या सूचनांसाठी खुला करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
समूह कंपन्यांचे हिशेब एकत्र करणारा एक लेखापाल